आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचं रील: तुम्ही वारंवार विचारता ते प्रश्न

डिसेंबर २०२४ मध्ये कोल्हापुरात आम्ही एका आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम केला आणि घरच्यांच्या परवानगीने त्याचं दीड मिनिटाचं रील टाकलं. तेव्हापासून फोनवर तेच ते प्रश्न येतात. बहुतेकांना घरातल्या कुणाचं तरी करायचं असतं आणि रील बघून 'आमचंही असंच होईल का?' एवढंच हवं असतं. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे पान.

सहस्रचंद्रदर्शन नक्की कधी करायचं? ऐंशी पूर्ण झाल्यावर की एक्क्याऐंशी?

पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. हजार वेळा तेवढे दिवस म्हणजे साधारण ८० वर्षं आणि १० महिने. म्हणून ऐंशी पूर्ण होऊन एक्क्याऐंशीवं चालू असताना हा कार्यक्रम करायची पद्धत पडली. काही घरांत ऐंशीव्या वाढदिवसालाच करतात, काही घरांत एक्क्याऐंशी पूर्ण झाल्यावर. तुमचे गुरुजी सांगतील ते धरा, आमचा त्यात आग्रह नसतो.

रीलमधल्या आजींच्या घरी मात्र नातवाने वहीत हिशोबच मांडला होता. आजींचा जन्म फेब्रुवारी १९४४ च्या अखेरचा. त्यानंतरची पहिली पौर्णिमा म्हणजे होळी. त्या होळीपासून २०२४ च्या मार्गशीर्ष पौर्णिमेपर्यंत ८० वर्षं आणि ९ महिने होतात, म्हणजे ९६९ महिने. त्यात मधल्या वर्षांतले अधिक महिने आले ३०. बेरीज ९९९, आणि पहिली होळी धरून १०००. ती पौर्णिमा रविवारी, १५ डिसेंबरला होती. एवढा जमून आलेला मुहूर्त आमच्या वाट्याला पुन्हा येईल असं वाटत नाही. त्यातून मार्गशीर्षातल्या रविवारी कार्यालय मिळवायचं म्हणजे लग्नाच्या तारखांशी भांडण. आम्हाला ते सात महिने आधी धरावं लागलं.

अधिक महिना दर साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, तेव्हा तुम्हीही मोजून बघा. आजोबांना हिशोबात रस असेल तर त्यांनाच मोजायला बसवा. निमंत्रणपत्रिकेपेक्षा त्या वहीचा फोटो जास्त लोकांनी पाहिला.

रीलमध्ये दिसतं त्याच क्रमाने सगळं झालं का?

नाही. रीलमध्ये आधी आजींची गुळाने तुला होते, मग गच्चीवर चंद्र दिसतो, आणि चंद्रानंतर एक्क्याऐंशी दिव्यांनी औक्षण होतं. बघताना वाटतं, रात्र झाली, चंद्र उगवला, मग दिवे लावले. प्रत्यक्षात औक्षण सव्वापाचला झालं, खिडक्यांना पडदे लावून, आणि चंद्र दिसला त्यानंतर पावणेदोन तासांनी. दिव्यांचं दृश्य शेवटाकडे ठेवलं कारण तिथे संगीत वर चढतं, दुसरं काही कारण नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण एका बाईंनी रीलवरूनच घरचं वेळापत्रक आखलं होतं आणि औक्षण रात्री साडेआठला ठेवलं होतं. ज्यांचं औक्षण व्हायचं, त्या माणसाचा तोपर्यंत डोळा लागलेला असतो.

आणखी एक गोष्ट रीलमध्ये नाही. सकाळची शांती आणि होम घरीच झाला, बारा-पंधरा माणसांत. तिथे कॅमेरा नको असं आजींचं म्हणणं होतं. शिवाय होमाच्या धुराने त्यांना धाप लागते, म्हणून गुरुजींशी बोलून होम अंगणात ठेवला आणि आजी संकल्पापुरत्या जवळ येऊन उंबऱ्याच्या आत बसल्या. अशी सोय बहुतेक गुरुजी करून देतात, फक्त आदल्या दिवशी विचारा. ऐन वेळी विचारलं की वाद होतो.

तो चंद्र खरा आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. चंद्र खरा आहे आणि त्याच संध्याकाळचा आहे. पण आजींचा चेहरा आणि पूर्ण पडदा भरलेला चंद्र हे दोन वेगवेगळे शॉट आहेत. मोबाइलवर चंद्र काढून बघा, पांढरा ठिपका येतो. मोठा चंद्र आमच्या कॅमेरामनने लांब लेन्सने, आजी खाली गेल्यावर वेगळा घेतला.

खरी गंमत वेगळीच आहे, आणि तुम्ही गच्चीवरून चंद्र दाखवायचा बेत करत असाल तर ती नीट वाचा.

पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्य मावळताना उगवतो, हे सगळ्यांना माहीत असतं. कुठे उगवतो, हे मात्र कुणी बघत नाही. आम्ही तीन आठवडे आधी कार्यालयाची गच्ची पाहायला गेलो. तिथल्या माणसाला विचारलं, पूर्व कुठली? त्याने सकाळी ऊन येतं ती बाजू दाखवली. बाजू मोकळी होती, समोर शेतं. आम्ही खूश झालो, आजींची खुर्ची कुठे ठेवायची तिथे खडूने खूण केली आणि परत आलो.

चूक इथेच होती. डिसेंबरात सूर्य अगदी पूर्वेला उगवत नाही, दक्षिणेकडे सरकलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या अंगाला असतो, म्हणून तो त्याच दिवसांत उत्तरेकडे सरकून उगवतो. जूनमध्ये हे नेमकं उलट होतं. त्यातही २०२४-२५ ही वर्षं चंद्र नेहमीपेक्षा जास्त उत्तर-दक्षिण जाण्याची होती, साडेअठरा वर्षांच्या फेऱ्यात एकदा येणारी. कोल्हापुरातून पाहिलं तर त्या दिवशीचा सूर्य आणि चंद्र यांच्या उगवण्याच्या जागांमध्ये पन्नास अंशांहून जास्त फरक होता. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. म्हणजे पाच मुठी डावीकडे.

हे आम्हाला कळलं १४ तारखेला, आदल्या संध्याकाळी, सजावटीचं सामान चढवताना. आदल्या दिवशीचा चंद्र जवळपास त्याच जागी, पण तासभर आधी उगवतो. खडूची खूण एकीकडे आणि फिकट चंद्र दुसरीकडे, तोही शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून, सहा वाजून गेल्यावर वर येताना दिसला. म्हणजे दुसऱ्या दिवशी तो टाकीच्या वर यायला सात वाजणार. आमच्या कागदावर 'चंद्रदर्शन ६.१५' लिहिलेलं होतं.

त्या रात्री बसून सगळा क्रम बदलला. पहिली पंगत चंद्राच्या आधी घेतली, भजनी मंडळाला पाऊण तास जास्त गायला सांगितलं (त्यांना ते हवंच होतं) आणि आजींना सहा ते पावणेसात खोलीत आडवं होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी सात वाजून चार मिनिटांनी टाकीच्या कडेवर उजेड आला.

तेव्हा नियम साधा आहे. आदल्या संध्याकाळी, ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी, त्याच गच्चीवर उभं राहा आणि चंद्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ढग असतील तर होकायंत्राचं ॲप चालतं. समोरची इमारत, झाड, टाकी चंद्राच्या वाटेत दहा-बारा अंश उंच असेल, म्हणजे मुठीपेक्षा थोडी जास्त, तर उगवल्यानंतर तासभर वाट बघायची तयारी ठेवा. पावसाळ्यात कार्यक्रम असेल तर चंद्रावर काहीच अवलंबून ठेवू नका. आषाढ-श्रावणातल्या दोन कार्यक्रमांत आम्ही चांदीच्या चंद्राची पूजा करून वेळ निभावली. तीही प्रथा आहेच, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

तुला करताना आजी पडल्या असत्या तर? ते सुरक्षित आहे का?

व्यवस्थित केली तर सुरक्षित आहे. पण रीलमध्ये जे दिसतं त्यावरून कृपा करून घरी करू नका. रीलमध्ये आजी एका पारड्यात बसतात, दुसऱ्यात गुळाचे रवे चढतात आणि आजींचं पारडं अलगद वर येतं. सात सेकंदांचं दृश्य. प्रत्यक्षात बावीस मिनिटं लागली.

आजींचं वजन आदल्या आठवड्यात घरीच काट्यावर करून घेतलं होतं, ५१ किलो. त्यात नऊवारी, शाल आणि दागिने धरून आम्ही ५३ धरलं. कोल्हापुरात दहा किलोचा रवा सहज मिळतो, एक किलोचाही मिळतो. पाच मोठे आणि चार छोटे रवे आणले, एक छोटा हाताशी जास्तीचा.

तराजू मंडपवाल्याकडचा होता. लोखंडी आडवी दांडी, दोन साखळ्यांची पारडी. एका पारड्यावर आम्ही हातांची खुर्ची बांधली, कारण आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे आणि त्या खाली मांडी घालून बसू शकत नाहीत. खुर्ची बांधली की ते पारडं जड होतं. मग दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन बांधून आधी धडा करावा लागतो. हे विसरलात तर खुर्चीच्या वजनाचा गूळही दानात जातो. दान म्हणून वाईट नाही, पण मग ती तुला राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. दोन्ही पारड्यांखाली लाकडी पाट असतात आणि पारडी त्यांवर टेकलेली किंवा त्यांच्यापासून जेमतेम चार बोटं वर असतात. त्यामुळे पारडं कितीही हललं तरी चार बोटांपलीकडे जात नाही. रीलमध्ये पाट दिसत नाहीत, झालरीच्या मागे आहेत. आजी बसतात तेव्हा त्यांचं पारडं पाटावर टेकलेलं असतं, म्हणजे त्या जमिनीवरच्या खुर्चीत बसावं तशा बसतात. मग रवे चढवायचे, आधी मोठे, शेवटी छोटे. मोठा रवा शेवटी ठेवला तर पारडं झटक्याने उचललं जातं आणि माणूस घाबरतो.

अपघात चढताना होत नाहीत, उतरताना होतात. फोटो झाले, टाळ्या झाल्या, की कुणीतरी प्रेमाने हात देतं आणि म्हणतं, 'या आजी, उतरा.' समोर पन्नास किलो गूळ तसाच असतो. आजींचं वजन निघालं की ते पारडं धाडकन खाली आणि रिकामी खुर्ची वर, पाय अडकलेला असेल तर संपलं. म्हणून आधी गूळ उतरवायचा, आजींचं पारडं पाटावर पूर्ण टेकवायचं, आणि मगच त्यांनी उठायचं. आमचा एक माणूस दांडीला हात लावून फक्त हेच बघायला उभा असतो. रीलमध्ये निळ्या सदऱ्यातला जो माणूस कुठेच हसत नाही, तो हाच.

तो सगळा गूळ पुढे कुठे गेला?

एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. आधी विचारलं हे बरं झालं, कारण त्यांनी सांगितलं की दहा किलोचा रवा फोडायला त्रास होतो आणि फोडला की मुंग्या लागतात, एक किलोचे द्या. पण एक किलोचे त्रेपन्न रवे पारड्यात रचायचे तर संध्याकाळ गेली असती. शेवटी दुकानदाराशी ठरवलं. तुलेला मोठे रवे, आणि सोमवारी त्याने तेवढ्याच वजनाचे छोटे रवे आश्रमात पोचवले. याला काही नातेवाइकांनी नाक मुरडलं, 'तुलेतलाच गूळ जायला हवा' म्हणून. तुमच्या घरी असं म्हणणारं कुणी असेल तर आधीच छोटे रवे घेऊ आणि पाच-पाचच्या पिशव्या बांधून ठेवू.

पुस्तकांची तुलाही लोक करतात. पुस्तकं पारड्यातून घसरतात, त्यामुळे सुतळीने गठ्ठे बांधावे लागतात. एवढं सोडलं तर सोपी.

एक्क्याऐंशी दिवे एकाच वेळी पेटलेले दिसतात. ते कसं जमलं?

नऊ तबकं, प्रत्येकात नऊ दिवे, नऊ बायका. एवढंच.

सुरुवातीला घरच्यांना एकाच मोठ्या परातीत एक्क्याऐंशी दिवे हवे होते. आम्ही करून दाखवलं. कणकेचे दिवे, तूप आणि परात मिळून वजन पाच किलोच्या आसपास गेलं. ते उचलून ओवाळायचं म्हटलं तर हात थरथरतो, आणि मधल्या दिव्यांची धग एकवटून समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर येते. शिवाय एकाच व्यक्तीने एक्क्याऐंशी वाती लावायच्या तर शेवटची लागेपर्यंत पहिली विझायला येते. नऊ जणींनी एकदम सुरुवात केल्यावर सगळे दिवे दोन मिनिटांच्या आत लागले.

वाती फुलवातीच होत्या, सकाळी तुपात भिजवून दिव्यात बसवलेल्या. डिसेंबरच्या गारव्यात तूप थिजतं, त्यामुळे तबक जरा कललं तरी काही सांडलं नाही. उन्हाळ्यात ही चैन नसते. तेव्हा दिवे अर्धेच भरायचे आणि तबकात तांदूळ पसरून त्यात रोवायचे. पंखे बंद, एसी बंद, हे वीस मिनिटं आधी. पदर खोचलेला आहे ना, हे प्रत्येकीचं बघायचं. भिंतीशी पाण्याची बादली आणि ओलं पोतं झाकून ठेवलेलं होतं, तेही रीलमध्ये नाही. कार्यालयात धूर ओळखणारी यंत्रणा असेल तर व्यवस्थापकाला आधी सांगा. एका हॉटेलच्या सभागृहात आम्ही सांगायला विसरलो होतो, त्या भोंग्याने वऱ्हाड बाहेर पळालं.

आजोबा हयात नाहीत. मग औक्षण, सवाष्णी, हे सगळं कसं करायचं?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, शेवटी, फोन ठेवता ठेवता.

रीलमधल्या आजींचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या थोरल्या सुनेने आम्हाला पहिल्याच भेटीत विचारलं, नऊ तबकं कुणाच्या हातात द्यायची? आम्ही सांगितलं, हे आजींना विचारा. आजींनी नावं सांगितली. त्यात दोन लेकी, तीन सुना, दोन नाती, शेजारच्या एक काकू, आणि त्यांची धाकटी बहीण, जी स्वतः विधवा आहे. बहिणीने नको म्हटलं. आजी म्हणाल्या, 'तू नाहीस तर मला ओवाळूच नका.' मग काय बोलणार.

रीलमध्ये डावीकडून दुसऱ्या, करड्या साडीतल्या, त्या बहीण. तो शॉट ठेवायचा की नाही हे आम्ही त्यांनाच विचारलं होतं. तुमच्या घरात काय चालेल ते तुम्ही ठरवा, आम्ही कुणावर काही लादत नाही. एवढंच करा की उत्सवमूर्तीला विचारा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी.

आजी इतका वेळ बसल्या कशा? आमच्या बाबांना अर्धा तासही बसवत नाही.

त्या सलग बसल्याच नाहीत. रील सहा तासांतून निघालं, आणि त्या सहा तासांत आजी लोकांसमोर जेमतेम अडीच तास होत्या, चार तुकड्यांत. मध्ये त्यांच्यासाठी तळमजल्यावर खोली होती, पलंग आणि कमोडसह. कार्यालय बघताना आम्ही आधी हेच बघतो, स्टेज नंतर.

सत्काराची रांग ही म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात जास्त दमवते. दीडशे माणसं, प्रत्येकाचं वाकून पाया पडणं, एक फोटो, दोन शब्द. माणशी अर्धा मिनिट धरलं तरी सव्वा तास होतो. आम्ही रांग लावलीच नाही. आजी पंगतीच्या वेळी चाकाच्या खुर्चीतून पानांमधून फिरल्या आणि लोक बसल्या जागीच त्यांच्याशी बोलले. जेवता जेवता कुणी पाया पडायला उठत नाही, हा हिशोब.

औषधांची वेळ आमच्या कागदावर लिहिलेली असते, कार्यक्रमाच्या वेळांच्याच रकान्यात. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचं जेवण तुमच्या भाषणांसाठी थांबत नाही.

गच्चीवर न्यायला लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत होती, पुढे अकरा पायऱ्या. चार पुतण्यांनी खुर्ची उचलली. त्याची तालीम दुपारी एका जाड मामांना बसवून केली. आजी त्यांच्यापेक्षा हलक्या, त्यामुळे संध्याकाळी काहीच वाटलं नाही.

पंगतच करावी लागते का? बुफे नाही चालणार?

चालतो. पण या कार्यक्रमाला येणारे निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे असतात. हातात ताट, दुसऱ्या हातात काठी, मग वाढून कुठल्या हाताने घेणार? बुफे ठेवलात तर ज्येष्ठांसाठी तीस-चाळीस पानांची एक पंगत तरी वेगळी वाढा. इथे १६० माणसं होती, साठ-साठची पानं, तीन पंगती. एका पंगतीला पाऊण तास धरावा, पान उचलून पुन्हा मांडण्यासकट. पहिली पंगत सव्वासहाला बसवली, कारण दूरच्या म्हाताऱ्या मंडळींना अंधार पडल्यावर फार उशीर करायचा नसतो.

जेवण साधंच: मसालेभात, वरणभात, आळूची भाजी, पुरी, जिलेबी, मठ्ठा. जिलेबीच्या बाजूला दुधीची बिनसाखरेची खीर होती आणि ती जिलेबीच्या आधी संपली.

आमचा फ्लॅट आहे, पन्नास माणसं. रील बघून आपलं फारच साधं वाटतं.

पन्नास माणसांत तुला सोडून सगळं होतं. तराजूला उंची आणि मोकळी जागा लागते. फ्लॅटमध्ये आम्ही तुलेऐवजी धान्याची पोती शेजारी मांडून संकल्पाने दान करतो. दिवे नऊ-नऊचेच. उलट सोसायटीची गच्ची तुमचीच असते, त्यामुळे चंद्र आठवडाभर आधीपासून रोज बघता येतो. फक्त गच्चीवर स्पीकर रात्री दहाच्या आत बंद करायचा.

त्या दिवशी काहीच चुकलं नाही का?

चंद्राचं सांगितलंच. त्याशिवाय फुलवाल्याने झेंडूऐवजी अर्धी शेवंती आणली. वाईट दिसली नाही, पण घरच्यांनी झेंडू सांगितला होता. भाषणं ठरल्यापेक्षा पंचवीस मिनिटं लांबली. हे प्रत्येक कार्यक्रमात होतं, त्यामुळे आता आम्ही कागदावर भाषणांची वेळ दुप्पटच धरतो आणि कुणाला सांगत नाही. तिसऱ्या पंगतीला मठ्ठा संपला.

आणि एक चूक जी आम्हाला अजून सलते. आजींच्या एक बालमैत्रीण आल्या होत्या, शहाऐंशी वर्षांच्या, खास मिरजेहून. गच्चीवर न्यायच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. चंद्र बघायला आजी वर गेल्या आणि त्या खाली बसून राहिल्या. परत आल्यावर आजींनीच विचारलं. तेव्हापासून आम्ही कुटुंबाकडून एक यादी वेगळी मागतो: उत्सवमूर्तीच्या वयाची, त्यांच्या आयुष्यातली माणसं. मुलं-नातवंडं जी यादी देतात, तीत ही नावं हमखास राहतात.

रीलमधलं गाणं कुठलं? लिंक द्या.

लिंक नाही. गल्लीतल्या भजनी मंडळाने त्या दिवशी म्हटलेला तुकोबांचा अभंग आहे, आम्हीच ध्वनिमुद्रित केलेला. अभंगावर कुणाचा हक्क नाही, पण प्रसिद्ध गायकाच्या ध्वनिमुद्रणावर असतो, भारतात प्रकाशनानंतर साठ वर्षं. धंद्याच्या खात्यावर ते वापरलं तर रीलचा आवाज बंद होतो किंवा रीलच उडतं. म्हणून आम्ही प्रत्येक कार्यक्रमात पाच मिनिटं तिथलाच आवाज घेऊन ठेवतो. टाळ थोडे जास्त वाजलेत, मान्य आहे.

आमचा कार्यक्रम केलात तर आमचंही रील टाकणार का?

विचारल्याशिवाय नाही. आणि नाही म्हणालात तर आमच्या कामाच्या पैशात काही बदल होत नाही. हो म्हणालात तर आधी तुम्हाला दाखवतो. या रीलमधून घरच्यांनी दोन शॉट काढायला लावले. एकात आजोबांच्या तसबिरीसमोर एक लेक रडत होती, दुसऱ्यात एका पाहुण्यांचा लहान मुलगा होता आणि त्याच्या आईला ते नको होतं.

आमचाही एक नियम आहे. घराची पाटी, गल्ली आणि दागिन्यांचे जवळून घेतलेले शॉट आम्ही ठेवत नाही, आणि कार्यक्रमाच्या दिवशी काहीच टाकत नाही. घर रिकामं आहे आणि घरात एक वयस्कर बाई पाटल्या-गोठ घालून राहतात, हे जगाला सांगायची गरज नसते. तुमच्या पाहुण्यांचे मोबाइल मात्र आमच्या ताब्यात नाहीत. ते तुम्हीच सांगायचं.

आजींना न सांगता सरप्राइज करता येईल का?

नको. ऐंशी वर्षांच्या माणसाला अंधाऱ्या खोलीत नेऊन शंभर जणांनी ओरडायचं, हे आम्ही करत नाही. पाहुण्यांपैकी एखादा येणार हे गुपित ठेवा, तेवढं पुरतं. आणि तोही समोरून, हळू येऊ द्या.

खर्च किती येईल?

पानांच्या संख्येवर. जेवण आणि कार्यालय मिळून निम्म्याहून जास्त जातं, बाकी सगळं त्यानंतर. रीलमध्ये उठून दिसणारी फुलांची कमान एकूण खर्चात किरकोळ होती. गूळ तर त्याहून कमी. फोन कराल तेव्हा तीन गोष्टी हाताशी ठेवा: किती पानं, त्यांतली सत्तरीपुढची किती, आणि उत्सवमूर्ती किती पायऱ्या चढू शकतात. रंगसंगती नंतर ठरवता येते. आणि पौर्णिमेचीच तारीख हवी असेल तर सहा महिने आधी बोला, साध्या रविवारी दोन महिने पुरतात.

रीलमध्ये चंद्राकडे बघून आजी काहीतरी बोलतात. संगीतात ऐकू येत नाही. काय म्हणतात?

'शाल दे गं, गार लागतंय.'